मळायचं असेल तर इसबगोल, ओतायचं असेल तर अगर

प्रश्न: मुलीला सीलिअ‍ॅक आहे, गहू पूर्ण बंद. ज्वारीचा ब्रेड करताना इसबगोल घालतात असं कळलं, पण घरात अगर-अगरची पावडर होती म्हणून तीच घातली. ब्रेड कापताना नुसता भुगा झाला. मग इसबगोल आणलं आणि ते घालून डाळिंबाची जेली करून पाहिली, तर बुळबुळीत खळ तयार झाली. दोन्ही शाकाहारी, दोन्ही पाणी धरणारी. मग एकाच्या जागी दुसरं का चालत नाही? कुठे कोणतं आणि किती घालायचं? आम्ही सोलापुरातच राहतो.

उत्तर:

ताई, दोन्ही पाणी धरतात हे खरं, पण कधी धरतात आणि धरल्यावर हात लावू देतात का, यात सगळा फरक आहे. इसबगोल गार पाण्यातही फुगतं आणि त्याचा झालेला गोळा तुम्ही मळा, दाबा, ताणा, तो पुन्हा सांधतो. अगर गार पाण्यात काहीच करत नाही. ते उकळून पूर्ण विरघळावं लागतं, मग खाली निवताना ते घट्ट होतं, आणि घट्ट झाल्यावर मोडलं की मोडलंच. ब्रेडचं पीठ मळायचं असतं, फुगायचं असतं, म्हणून तिथे इसबगोल. जेली ओतायची असते आणि नंतर हलवायची नसते, म्हणून तिथे अगर.

माझ्याकडे बिनगव्हाचं बेकिंग शिकायला येणाऱ्यांना मी कोणतीही कृती सांगण्याआधी दोन वाट्यांचा प्रयोग करायला लावते. तुम्हीही एकदा कराच. एका वाटीत २०० मिली माठातलं पाणी घ्या आणि त्यात १० ग्रॅम इसबगोल भुरभुरवत, चमच्याने ढवळत घाला. दुसरीकडे २०० मिली पाण्यात २ ग्रॅम अगर पावडर घालून दोन-तीन मिनिटं चांगलं उकळा आणि वाटीत ओतून निवू द्या. अर्ध्या तासाने दोन्हीत बोट दाबा. इसबगोलाचा गोळा दबतो, बोटाला चिकटतो, दोन तुकडे करून एकमेकांवर दाबले तर परत एक होतात. अगरची वडी स्वच्छ कापली जाते, पण मुठीत दाबली तर तिचे कण होतात आणि ते कण कितीही एकत्र दाबले तरी सांधत नाहीत. आता दोन्ही वाट्या उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा. इसबगोल थोडं सैल पडेल, पण गोळा राहील. अगर साधारण ८५ अंशांच्या पुढे वितळून पुन्हा पाणी होईल. तुमच्या ब्रेडचं आणि जेलीचं काय झालं ते या दोन वाट्यांत दिसतं.

यामागचं कारण थोडक्यात सांगते. आपण वापरतो तो इसबगोलाच्या बियांवरचा पातळ पापुद्रा. हे पीक मुख्यतः गुजरात आणि राजस्थानात घेतलं जातं, आणि उंझ्याची बाजारपेठ त्यासाठी प्रसिद्ध आहे. या पापुद्र्यातल्या शर्करांच्या साखळ्या लांब आणि खूप फांद्या असलेल्या असतात. त्या पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकींत गुंततात, पण पक्क्या जोडल्या जात नाहीत. म्हणून ताण दिला की सरकतात आणि सोडलं की परत गुंततात. अगर समुद्रातल्या लाल शेवाळापासून काढतात. आपल्याकडे तमिळनाडूच्या रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बायका पाण्यात बुड्या मारून हे शेवाळ गोळा करतात. त्याच्या साखळ्या सरळ असतात. गरम पाण्यात त्या सुट्या होतात, निवताना दोन-दोन मिळून पीळ घेतात आणि ते पीळ एकमेकांना घट्ट बिलगून जाळं तयार होतं. हे जाळं कडक असतं, म्हणूनच सुरी लावली की काठ कसा धारदार येतो. पण पीळ उलगडायचा तर पुन्हा उकळीच हवी.

आता तुमच्या ब्रेडकडे येऊ. ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे यीस्टचा वायू धरून ठेवणारा लवचीक पडदा पिठात तयारच होत नाही. तो पडदा कुणीतरी द्यायला हवा, आणि तोही पीठ गार असताना, फुगत असताना. तुम्ही घातलेली अगर पावडर त्या वेळी पिठात वाळूच्या कणांसारखी नुसती पडून होती. यीस्टने वायू केला आणि तो निघून गेला. पुढे ओव्हनमध्ये ब्रेडचं पोट तापायला लागलं. ज्वारीचा स्टार्च ७० अंशांच्या आसपास पाणी ओढून घट्ट व्हायला लागतो, म्हणजे ब्रेडचा आकार तिथेच ठरतो. अगर विरघळायला त्याहून जास्त उष्णता आणि मोकळं पाणी लागतं. तोवर पाणी स्टार्चने पिऊन टाकलेलं असतं. जे थोडं अगर विरघळलं असेल ते त्या उष्णतेत पातळच असणार. ब्रेड बाहेर काढून निवला तेव्हा ते गोठलं असेल, पण तोवर धरायला काही उरलं नव्हतं. अगर दुप्पट घातलं असतं तरी हेच झालं असतं, त्यामुळे प्रमाण वाढवून पाहण्यात अर्थ नाही.

मी घरच्या ओव्हनसाठी देते ती कृती सांगते. ज्वारीचं पीठ २५० ग्रॅम आणि कॉर्नफ्लॉवर १५० ग्रॅम, म्हणजे एकूण ४०० ग्रॅम. अख्खं इसबगोल, म्हणजे पापुद्र्याच्या रूपातलं, २० ग्रॅम. पाणी एकूण ४२० मिली. सुकं यीस्ट ७ ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, तेल २० ग्रॅम. कॉर्नफ्लॉवर मी मुद्दाम घालते. नुसत्या ज्वारीचा ब्रेड जड होतो आणि दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो, मग कितीही इसबगोल घाला.

पिठाबद्दल एक गोष्ट या सगळ्याच्या आधी. तुमच्या मुलीसाठी ज्वारी कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणू नका. त्याच जात्यावर आधी गहू दळलेला असतो आणि जात्यात, डब्यात, हवेत त्याचं पीठ राहिलेलं असतं. सीलिअ‍ॅकला तेवढंही पुरतं. घरघंटी असेल आणि तिच्यात कधीच गहू पडला नसेल तर उत्तम, नाहीतर ग्लुटेनमुक्त असं स्पष्ट छापलेलं बंद पाकीट घ्या. कॉर्नफ्लॉवर आणि यीस्टचीही पाकिटं वाचून घ्या. आणि पीठ ताजं हवं. विरी गेलेल्या पिठाची भाकरी जशी थापताना चिरते, तसा ब्रेडही चिरतो.

आता क्रम. ४२० मिलीपैकी ३०० मिली पाणी मोठ्या भांड्यात घ्या. त्यात इसबगोल भुरभुरवत घाला आणि लगेच, न थांबता फेटा. ओतून ठेवलं आणि मग ढवळायला गेलात तर बाहेरून जेल, आतून कोरडं अशा गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत. दहा मिनिटांत भांडं वाकडं केलं तरी हलणार नाही असा घट्ट गोळा होतो. उरलेल्या १२० मिली कोमट पाण्यात साखर आणि यीस्ट घालून फेस येऊ द्या. मग पीठ, कॉर्नफ्लॉवर, मीठ परातीत एकत्र करून त्यात यीस्टचं पाणी, तेल आणि इसबगोलाचा गोळा घालून मळा.

हे मळणं भाकरीसारखंच जोर लावून करायचं असतं, कारण इसबगोलाचा गोळा पिठात एकजीव व्हायला वेळ लागतो. पाच-सहा मिनिटं तळहाताने रगडत राहा. सुरुवातीला पीठ कोरडं आणि गोळा वेगळा असं वाटेल, पण लगेच पाणी घालू नका. गोळ्यातलं पाणी हळूहळू पिठाकडे जातं. शेवटी पीठ थोडं चिकट, पण ताणलं तर एकदम न तुटता दोन बोटं लांबतं. ते लांबणं दिसलं की समजा पडदा तयार झाला. अजूनही काचेसारखे पारदर्शक ठिपके दिसत असतील तर मळणं बाकी आहे. भाजल्यावर तिथे ओलसर डाग राहतील.

हात तेलाने पुसून लांबट गोळा वळा आणि साधारण ९ इंच लांब, ४ इंच रुंद टिनमध्ये ठेवा. इसबगोलाच्या पिठाला मी एकदाच फुगू देते, तेही टिनमध्येच. गव्हाच्या पिठासारखं फुगवून, दाबून पुन्हा फुगवायला इथे तेवढी ताकद नसते. फुगायला किती वेळ लागेल ते आपल्याकडे ऋतूवर अवलंबून असतं. डिसेंबरमध्ये तास-सव्वा तास लागेल. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना अर्ध्या-पाऊण तासात काम होतं, आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी तर दुपारी हाताला चटका देतं. त्या दिवसांत इसबगोल माठातल्या पाण्यात भिजवा आणि यीस्टही अर्धंच घ्या. दुप्पट फुगण्याची वाट पाहू नका, दीडपट झालं की ओव्हनमध्ये. पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसायला लागली, तर वायू सुटायला लागलाय आणि तुम्हाला उशीर झालाय.

ओव्हन आधी २२० अंशांवर तापवून ठेवा. २० मिनिटं त्यावर, मग १९० वर आणून अजून ४० मिनिटं. इसबगोल पाणी सहज सोडत नाही, म्हणून हा ब्रेड गव्हाच्या ब्रेडपेक्षा बराच जास्त वेळ भाजावा लागतो, आणि बहुतेकांचं इथेच बिघडतं. वरून छान तपकिरी दिसतो आणि आत ओला असतो. खात्रीचे उपाय दोन. काडीचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९७ अंश हवेत. नसेल तर वजन करा. कच्चं पीठ टिनसकट किती भरलं ते लिहून ठेवा. भाजल्यावर त्यातून निदान १०० ग्रॅम कमी झाले पाहिजेत. तेवढे कमी झाले नसतील तर टिनमधून काढून, जाळीवर नुसता ब्रेड ठेवून आणखी दहा मिनिटं द्या.

आणि मग थांबा. तीन-चार तास, पूर्ण गार होईपर्यंत कापू नका. गरम असताना इसबगोलाचं जेल सैल असतं आणि स्टार्चही अजून बसलेला नसतो. त्या वेळी सुरी घातली तर सुरीला पिठूळ लगदा लागतो आणि माणसाला वाटतं ब्रेड कच्चा राहिला. तोच ब्रेड संध्याकाळी नीट कापला जातो. तळाशी बोटभर दाट, रबरासारखा थर राहिला असेल, तर मात्र गार होऊनही तो जात नाही. त्याचं कारण पाणी जास्त किंवा भाजणं कमी, आणि बहुतेक वेळा दोन्ही. वरच्या सालीखाली मोठी पोकळी पडली तर पीठ जास्त फुगलं होतं. पुढच्या वेळी एकाच वेळी सगळं बदलू नका. आधी भाजण्याचा वेळ वाढवा, मग पाणी २० मिलीने कमी करा.

ब्रेडचा रंग कधीकधी जांभळट-राखाडी येतो आणि लोक घाबरून फेकून देतात. काही इसबगोलात तसा रंग उतरतो, ब्रेड खराब झालेला नसतो. पांढरट, स्वच्छ, बियांचे काळसर तुकडे नसलेलं इसबगोल घेतलं तर हा त्रास बराच कमी होतो.

इसबगोल घेताना याहून महत्त्वाचं म्हणजे ते पापुद्र्याचं आहे की दळलेलं, हे पाहा. चमच्याने मोजणाऱ्यांचा ब्रेड एकदा छान आणि एकदा दगड होतो त्याचं कारण हेच असतं. पापुद्र्याचा एक मोठा चमचा साधारण ५ ग्रॅम भरतो, दळलेल्या पावडरीचा त्याच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय पावडर वजनालाही जास्त जोरदार असते, २० ग्रॅम पापुद्र्याऐवजी १५ ग्रॅम पावडर पुरते. म्हणून छोटा वजनकाटा घ्याच. औषधाच्या दुकानात पोटासाठी मिळणारं संत्र्याच्या चवीचं, साखर घातलेलं इसबगोल ब्रेडला चालत नाही. साधं, काहीही न मिसळलेलं हवं. पावडर उडते, तेव्हा डबा नाकाजवळ उघडू नका. काही जणांना तिच्या धुळीची अ‍ॅलर्जी होते. आणि मुलीच्या हातात कोरडं इसबगोल कधी देऊ नका. ते घशात फुगतं, अडकू शकतं. ब्रेडमध्ये ते आधीच पाणी प्यायलेलं असतं, त्यामुळे तिथे ही भीती नाही. ती काही नियमित औषध घेत असेल तर ब्रेड आणि औषध यांत किती अंतर ठेवायचं ते तिच्या डॉक्टरांना विचारून घ्या, कारण इसबगोल औषध शोषलं जाण्याच्या आड येऊ शकतं.

आता जेली. इसबगोलाची जेली कधीच होणार नाही, प्रमाण कमी-जास्त करून पाहू नका. कमी घातलंत तर ओघळ राहील, जास्त घातलंत तर लिबलिबीत गोळा, आणि दोन्हीत रंग गढूळ. इसबगोलाच्या साखळ्या एकमेकींना पक्क्या धरतच नाहीत, तर सुरीने कापता येईल अशी वडी कुठून मिळणार? इथे अगरच हवं आणि ते सोलापूरच्या उन्हाळ्याला फार सोयीचं आहे. जिलेटिनची जेली ३०-३५ अंशांना वितळते, म्हणजे आपल्या मे महिन्यात ताटलीत येईपर्यंत तिचं सरबत होतं. शिवाय ते जनावरांपासून काढलेलं असतं, तो विषय वेगळाच. अगर मात्र गोठतं साधारण ३५ ते ४० अंशांना आणि वितळतं ८५ च्या वर. एवढं अंतर दुसऱ्या कोणत्याही घरगुती जेलला नाही. म्हणूनच १८८०च्या दशकात जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या बश्यांमध्ये जिलेटिन ऊबेने वितळत होतं, तेव्हा फॅनी हेस या बाईंनी अगर सुचवलं. त्या घरी जेलीसाठी अगर वापरायच्या. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत तेच वापरतात.

आपल्या डाळिंबाचा रस आंबटगोड असतो आणि त्यातच जेली बिघडायची जागा आहे. आंबट रसात अगर घालून उकळत ठेवलं तर आम्ल आणि उष्णता मिळून अगरच्या साखळ्या तोडतात. जेली मऊ पडते किंवा गोठतच नाही. शिवाय उकळल्याने डाळिंबाचा रंगही उतरतो. म्हणून अगर नेहमी साध्या पाण्यात उकळायचं आणि रस नंतर मिसळायचा.

समजा ९०० मिली जेली करायची आहे. ३०० मिली गार पाण्यात ७ ग्रॅम अगर पावडर कालवा, पाच मिनिटं ठेवा, मग ढवळत उकळी आणा आणि उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटं उकळू द्या. चमच्यावर घेतलं तर कण दिसता कामा नयेत. कण दिसले तर तेवढं अगर वाया गेलं असं समजा. साखर घालायची ती याच पाण्यात, अगर विरघळल्यानंतर. साखर आधी घातली तर ती पाणी अडवून धरते आणि अगर नीट विरघळत नाही. आता यात ६०० मिली रस घालायचा, आणि इथे रस किती गार आहे याला फार महत्त्व आहे.

उन्हाळ्यात बाहेर ठेवलेला रस ३५ अंशांचा असतो. ९५ अंशांचं ३०० मिली अगर आणि ३५ अंशांचा ६०० मिली रस मिळून मिश्रण साधारण ५५ अंशांवर येतं. भांडं थोडी उष्णता खातं, तरी गोठायच्या बरंच वर राहतं आणि साच्यात ओतायला निवांत वेळ मिळतो. तोच रस फ्रिजमधून काढून ८ अंशांवर घातला तर मिश्रण ३७ अंशांवर येतं. म्हणजे गोठण्याच्या ऐन मध्यावर. ओतता ओतता चमच्याभोवती धागे आणि गुठळ्या होतात, खाली पातळ रस आणि वर घट्ट थर राहतो. म्हणून रस बाहेर काढून ठेवा, थंडीत तर हाताला कोमट लागेल इतपत ऊब द्या. गुठळ्या झाल्याच तर आंबट रसासकट पुन्हा खळखळून उकळू नका. मंद आचेवर फक्त वितळेपर्यंत गरम करा आणि लगेच उतरवा. जेली थोडी मऊ होईल, पण वाया जाणार नाही.

ओतण्यापूर्वी स्टीलच्या ताटलीवर एक चमचाभर टाका. दोन-तीन मिनिटांत ती गोठते. बोटाने ढकलली तर एकसंध सरकली पाहिजे. फारच मऊ वाटली तर ग्रॅमभर अगर थोड्या पाण्यात वेगळं उकळून त्यात मिसळा. कोरडी पावडर वरून भुरभुरवून काही होत नाही. चायना ग्रासच्या, म्हणजे अगरच्याच, पट्ट्या वापरणार असाल तर त्या बारीक कापून अर्धा तास भिजवा आणि जास्त वेळ उकळा. पट्ट्यांचा जोर पाकिटागणिक बदलतो आणि सहसा पावडरीपेक्षा कमी असतो, म्हणून १० ग्रॅमपासून सुरू करा आणि ताटलीवरच्या थेंबावर भरवसा ठेवा. दुधाची खरवसासारखी वडी करायची असेल तरी अगर पाण्यातच विरघळवून गरम दुधात ओता. सरळ दुधात उकळलं तर पातेल्याला लागतं आणि अर्धं अगर विरघळत नाही.

अगरच्या जेलीचा एक दोष मान्य करायला हवा. ती हळूहळू पाणी सोडते. डब्यात संध्याकाळपर्यंत तळाशी चमचाभर गुलाबी पाणी साचतं. जाळं आवळत जातं तसं पाणी बाहेर ढकललं जातं. अगर फार कमी घातलं तर हे जास्त होतं, म्हणून मऊ जेलीच्या मोहात ७ ग्रॅमच्या खाली जाऊ नका, आणि वड्या खायच्या वेळीच कापा. उन्हात वितळत नाही म्हणून ती टिकते असंही समजू नका. ताज्या रसाची जेली आहे, दिवसभर बाहेर राहिली तर रसासारखीच आंबेल. मुलीच्या डब्यात ती सकाळी फ्रिजमधून काढलेली द्या.

फ्रीझरमध्ये मात्र या दोघांचं वागणं एकदम उलटं आहे. ब्रेड उरला तर काप करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तसे तव्यावर गरम करा. इसबगोलाचा ब्रेड त्यातून फार चांगला बाहेर येतो. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवला तर मात्र स्टार्च लवकर कडक होतो. अगरची जेली फ्रीझरमध्ये कधीच ठेवू नका. बर्फाचे कण जाळं फाडतात आणि बाहेर काढल्यावर एका बाजूला स्पंज, एका बाजूला पाणी. जपानमध्ये हिवाळ्याच्या रात्री अगर बाहेर गोठवून, दिवसा वितळवून त्यातलं पाणी काढून टाकायची पद्धत याच गुणावर उभी आहे, पण तुम्हाला जेली हवी आहे.

रोजच्या भाकरीत इसबगोल घालावं का, असं तुम्ही पुढे विचारालच. ताज्या पिठाला गरज नाही. आधणाच्या पाण्याने पीठ भिजवलं की थोडा स्टार्च फुगतो आणि तोच भाकरीला धरतो, आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या तसंच चाललंय. पीठ जुनं झालं असेल आणि दुसरं मिळत नसेल तर १०० ग्रॅम पिठाला २ ग्रॅम इसबगोल पाण्यात भिजवून घाला, भाकरी थापताना चिरणार नाही. कडक भाकरीत मात्र अजिबात नको. ती कोरडी होऊन कुरकुरीत व्हायची असते, आणि इसबगोल पाणी सोडत नाही म्हणून ती चिवट राहते.

आत्ता तुमच्याकडे जे बिघडलेलं पडलंय ते टाकू नका. ब्रेडचा भुगा ओव्हनमध्ये १२० अंशांवर कोरडा होईपर्यंत वाळवा आणि कटलेटला वरून लावा. त्यातल्या अगरने काही बिघडत नाही. डाळिंबाची खळ म्हणजे तर रसात भिजलेलं इसबगोलच आहे. आज केलेली असेल आणि फ्रिजमध्ये असेल तर ती ज्वारीच्या पिठात घालून, थोडा गूळ आणि तूप घालून दशमीचं पीठ मळा. पाणी आधी घालू नका, खळीतलंच बहुतेक पुरेल. नेहमीपेक्षा थोड्या जाड थापा आणि मंद तव्यावर झाकण ठेवून भाजा. रंग डाळिंबी राहणार नाही, तपकिरीच येईल, पण दशमी दुसऱ्या दिवशी डब्यातही मऊ राहते.